मदत हवी आहे: निबंध विकत घेतला असा आरोप आलाय, रिपोर्टवरून ते सिद्ध होतं का?

शाईपेन: माझ्या धाकट्या बहिणीला कॉलेजने चौकशीला बोलावलंय, निबंध पैसे देऊन लिहून घेतला म्हणतात. सिमिलॅरिटी फक्त ४ टक्के आहे, पण दुसऱ्या रिपोर्टमध्ये फाइलचा ऑथर म्हणून माझं नाव आलंय, एडिटिंग टाइम ९ मिनिटं, आणि शैली आधीच्या दोन असाइनमेंटशी जुळत नाही असं लिहिलंय. तिने तो गूगल डॉक्समध्ये तीन आठवडे लिहिला आणि शेवटी माझ्या लॅपटॉपवर वर्डमध्ये पेस्ट करून सबमिट केला, हे मी डोळ्यांनी बघितलंय. ती रडून रडून अर्धी झालीये. काय करू?

रानवाट: ४ टक्के म्हणजे सुटली की! कॉपी नाहीच, विषय संपला.

जुनाखडू: रानवाट, तसं नाही हो. ऑर्डर देऊन लिहून घेतलेला निबंध नवाच असतो, त्यामुळे त्याचाही आकडा कमीच येतो. म्हणजे ४ टक्क्यांवरून ना दोष ठरतो ना निर्दोषपणा.
शाईपेन, मी अशा चौकशी समितीवर काही वर्षं होतो. वर्ड फाइल ज्या लॅपटॉपवर तयार होते तिथलं युजरनेम ऑथर म्हणून लागतं आणि एडिटिंग टाइम त्या फाइलपुरताच मोजला जातो, पेस्ट केल्यावर ९ मिनिटं येणारच. विकत घेतलेल्या फाइलमध्येही नेमकं असंच दिसतं, म्हणून तो पुरावा नाही, प्रश्न विचारायला कारण आहे एवढंच. पण समितीला शंभर टक्के खात्री लागतेच असं नाही, बऱ्याच ठिकाणी 'जास्त शक्यता कशाची' यावरच निर्णय होतो, तेव्हा गप्प बसू नका. गूगल डॉक्सची व्हर्जन हिस्टरी दाखवा, त्यात परिच्छेद कसे वाढले, काय खोडलं ते तारखांसकट दिसतं. सबमिट केलेली वर्ड फाइल मात्र परत सेव्ह करू नका, आतली माहिती बदलते.

मध्यरात्र: थोडं वेगळं विचारते. मी मागच्या वर्षी खरंच एक विकत घेतला होता, आता तो लिहिणारा अजून पैसे दे नाहीतर कॉलेजला मेल करतो म्हणतोय. पैसे दिले तर थांबेल का?

जुनाखडू: नाही थांबणार, परत मागेल. मेसेज जपून ठेवा आणि त्याने सांगायच्या आधी तुम्हीच कॉलेजमध्ये कोणाशी तरी बोला. अवघड आहे, कळतंय मला.

शाईपेन: हिस्टरी उघडली, २३ दिवसांच्या नोंदी आहेत! पण एक ५०० शब्दांचा तुकडा एकदम आलाय, तो तिने फोनवरच्या नोट्समधून पेस्ट केला होता.

जुनाखडू: त्यावर विचारणारच. ती नोट फोनमधून डिलीट करू नका, तारखेसकट दाखवा. तोंडी विचारतील तेव्हा हा संदर्भ का घेतला, हा मुद्दा का गाळला, हे तिला सांगता आलं पाहिजे, तिथे खूप काही कळतं.

रानवाट: आणि शैलीचं काय? आधीच्या दोन असाइनमेंट लॅब रिपोर्ट असतील तर निबंध वेगळा वाटणारच ना?

शाईपेन: एक लॅब रिपोर्टच होता! दुसरा ग्रुपचा होता, तिने त्यातला अर्धाच लिहिलाय.

जुनाखडू: मग हे लेखी द्या. समिती किती मानेल ते मी नाही सांगू शकत, आमच्याकडे यावरून दोघांचं कधी एकमत झालं नाही.