मदत हवी आहे: टेंडरसाठी विमा प्रमाणपत्र मागणारा ईमेल कसा लिहावा?

ब्रोकर म्हणून एका कंत्राटदारासाठी विमा कंपनीला ईमेल पाठवायचा आहे. टेंडरमध्ये सार्वजनिक दायित्व विमा प्रत्येक घटनेसाठी २ कोटींचा हवा, आणि काम देणाऱ्या संस्थेचं नाव 'अतिरिक्त विमाधारक' म्हणून हवं. कंत्राटदाराच्या मूळ पॉलिसीत प्रत्येक घटनेला १ कोटी आणि वर्षभरासाठी एकूण २ कोटी अशी मर्यादा आहे. या एकूण आकड्यावर अट भागत नाही, तपासणारे नेमकं तेच पकडतात. मूळ पॉलिसीच्या वर १ कोटीची एक्सेस पॉलिसी आहे, म्हणजे दोन्ही मिळून बेरीज जुळते.

अडचण नावाची आहे. प्रमाणपत्र फक्त पॉलिसीत काय आहे ते सांगतं, त्यावर संस्थेचं नाव छापल्याने तिला संरक्षण मिळत नाही. त्यासाठी आधी एंडोर्समेंट लागतं.

ईमेलमध्ये पॉलिसी क्रमांक, टेंडर क्रमांक, संस्थेचं नाव टेंडरमधल्या स्पेलिंगसह, पत्ता, कामाचं वर्णन आणि निविदेची शेवटची तारीख घेतली आहे. विम्याच्या अटींचं पान जोडलंय, पूर्ण टेंडर नाही; अंडररायटर ते वाचत बसत नाहीत.

जाणकारांनी दोन गोष्टी सांगाव्यात. एंडोर्समेंट आणि प्रमाणपत्र एकाच ईमेलमध्ये मागावं का? आणि मूळ पॉलिसीवर नाव चढलं तरी एक्सेस पॉलिसीवर ते आपोआप लागू होतं, की वेगळं लेखी मागावं? पॉलिसी काम संपण्याआधीच संपतेय, तेव्हा नूतनीकरणाबद्दलचं वाक्य कसं लिहिता, तेही कळवा.