मदत हवी आहे: 1630 ते 1818 ची कालरेषा, मधली गर्दी कशी दाखवू?

पाटीपेन्सिल: मुलगी सातवीत आहे. इतिहासाच्या प्रकल्पाला मराठ्यांची कालरेषा काढायची आहे, शिवरायांच्या जन्मापासून पेशवाईच्या अखेरीपर्यंत. बाईंची अट एकच, रेषा प्रमाणात हवी. कार्डपेपर आडवा धरला तर 70 सेंमी मिळतात, म्हणून 1 सेंमीला 3 वर्षे धरली. पण अफझलखान 1659, पन्हाळा 1660, लाल महाल 1663, सुरत 1664, पुरंदर 1665, आग्रा 1666 या सहा घटना जेमतेम अडीच सेंमीत येतात. नावं लिहायची कुठे? आणि 1707 ते 1761 मध्ये 18 सेंमी नुसती रेघ.

टिवल्याबावल्या: सोपं आहे. रिकाम्या जागी नागमोडी तोड द्या, तिथे वाचलेली जागा गर्दीला द्या.

जुना_फळा: तोड चालते, पण तिच्या दोन्ही बाजूंचं प्रमाण एकच राहायला हवं. वाचलेली जागा गर्दीला दिली की प्रमाण बदललं. शिवाय पानिपतापर्यंतचा तो लांब पट्टा दिसणं हाच तर प्रमाणात काढण्याचा फायदा. तो कापू नका. रिकामा वाटत असेल तर 1720 ला बाजीराव पेशवे झाले, ते घाला.

मुख्य रेषा आहे तशीच ठेवा. तिच्यावर 1659 ते 1674 हा पाच सेंमीचा तुकडा रंगवा. त्याच्या दोन टोकांपासून खाली फाकत जाणाऱ्या दोन तिरप्या रेषा काढा आणि त्यांच्या शेवटी 45 सेंमीची दुसरी पट्टी. तिथे 1 वर्षाला 3 सेंमी. नावं एक वर, एक खाली लिहिली की प्रत्येकाला सहा सेंमी रुंदी मिळते. दोन्ही प्रमाणं आपापल्या रेषेशेजारी लिहायची.

खुणा करताना पट्टीचा शून्य कायम 1630 वरच ठेवा. राज्याभिषेक 1674, म्हणजे 44 भागिले 3, 14.7 सेंमी. 1818 आलं पाहिजे 62.7 वर. मागच्या खुणेपासून पुढची मोजत गेलात तर मिलिमीटरचा फरक साठत जातो आणि शेवटचं साल सरकतं.

आंबट_चिंच: आमच्याकडे सातवाहन होते. इसवी सनात शून्य साल नाही, त्यामुळे इ.स.पू. 5 ते इ.स. 5 नऊच वर्षं भरतात. तेवढं बघा.

जुना_फळा: खरंय, पण यांचं सगळं सनानंतरचंच आहे.

टिवल्याबावल्या: दोन प्रमाणं बाई चालवून घेतील का पण? आमच्या शाळेत एका कागदावर एकच प्रमाण, असा दंडक होता.

पाटीपेन्सिल: तेच विचारावं लागेल. तोवर मुख्य रेषा पेन्सिलीने आखून घेतो, पट्टी वेगळ्या कागदावर काढून खाली चिकटवता येईल.