मदत हवी आहे: लव्हेंडर-मिंट थीमचे रंग हॉलवर जुळत नाहीयेत, अर्जंट

मुग्धा_मुलुंड
लेकीचा पाचवा वाढदिवस या रविवारी आहे. थीम लव्हेंडर आणि मिंट, मधूनमधून थोडं सोनेरी. टेबलक्लॉथचं कापड मंगलदास मार्केटमधून आणलं, फुगे अब्दुल रहमान स्ट्रीटवरून, घरी सगळं शेजारी शेजारी ठेवून बघितलं तेव्हा एकदम मस्त जुळत होतं. काल हॉलवर नेऊन अंथरून बघितलं तर कापड राखाडी दिसतंय आणि मिंटचे फुगे पिवळट, अगदी शिळे वाटतात. केकवाल्या ताईंना उद्या दुपारपर्यंत रंग फायनल सांगायचाय. कापड बदलू, फुगे बदलू की थीमच बदलू? प्लीज लवकर सांगा.

सोनचाफा
फोटो टाक ना. आणि हॉल कुठला, कार्यक्रम किती वाजता, एसी आहे का? काहीच लिहिलं नाहीयेस.

अरुणकाका
मुग्धाताई, साठ-तीस-दहाचा नियम लावा. साठ टक्के एक रंग, तीस टक्के दुसरा, दहा टक्के तिसरा. मी ऑफिसच्या सगळ्या कार्यक्रमांची सजावट अशीच केली, कधी चुकलं नाही. तुमचं लव्हेंडर आणि मिंट बहुतेक निम्मं निम्मं झालंय म्हणून डोळ्याला टोचतंय. लव्हेंडर वाढवा, मिंट कमी करा, प्रश्न संपला.

मुग्धा_मुलुंड
काका, घरी तेच प्रमाण होतं आणि तिथे छान दिसत होतं हो. सोनचाफा, आमच्या सोसायटीचाच हॉल आहे, संध्याकाळी ६ ते ९, एसी नाही.

गिरगावकर
थर्माकोलची अक्षरं आणि फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या घेऊ नका, १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. दुकानात अजूनही पुढे करतात. पुठ्ठ्याची अक्षरं करून मिळतात, मी नातवाला तीच केली, आवडीच्या रंगात रंगवता पण येतात.

स्टेजवाला
मी डेकोरेशनचंच काम करतो. भिंतीचा रंग काय आणि दिवे कसले, हे दोनच सांगा. बाकी सगळं त्यावर आहे.

मुग्धा_मुलुंड
भिंती पीच, ऑइल पेंट, चकचकीत. दिवे पिवळे आहेत, मागच्या वर्षी कमिटीने बसवले, लग्नाच्या फोटोत चांगले दिसतात म्हणून. त्याने इतका फरक पडतो का? कापड तर मी दुकानात बाहेरच्या उजेडात नेऊन बघितलं होतं.

स्टेजवाला
पडतो, आणि सगळ्यात जास्त लव्हेंडरलाच पडतो. लव्हेंडर म्हणजे पांढऱ्यात थोडा निळा आणि थोडा गुलाबी. पिवळ्या दिव्याच्या उजेडात निळा मुळातच कमी असतो, त्यामुळे कापडातल्या निळ्याला परत फेकायला काही मिळत नाही आणि मागे उरतो मातकट राखाडी. मिंटचंही तेच, निळसर छटा गेली की पोपटीकडे झुकतं. त्यात चकचकीत पीच भिंत स्वतःचा रंग टेबलावर फेकते. खात्री करायची तर एक कोरा पांढरा कागद भिंतीला लावून फोटो काढा आणि तोच कागद खिडकीशी धरून काढा. नुसत्या डोळ्यांनी कळणार नाही, डोळ्यांना दोन मिनिटांत पिवळ्या उजेडाची सवय होते.

काकांचा नियम चुकीचा नाही पण साठ टक्के आधीच भरलेत, ते भिंतीने भरलेत. तुम्ही पीच हा रंग धरलाच नव्हता, तो मात्र हजर आहे. आम्ही जागेवर गेलो की आधी जे बदलता येत नाही ते बघतो, भिंत, दिवे, पडदे, मांडववाल्याची खुर्चीची कव्हरं. मग कापड, कारण कापडाच्या छटा दुकानात आहेत तेवढ्याच. मग फुगे. केक शेवटी, कारण क्रीममध्ये रंग हवा तसा मिसळता येतो.

बेकिंगबाई
शेवटच्या वाक्याला माझा ठाम विरोध. हवा तसा मिसळता येतो हे लोकांना वाटतं. मुग्धा, तुझ्या केकवाल्या बटरक्रीम करणार आहेत की व्हिप्ड क्रीम?

मुग्धा_मुलुंड
बटरक्रीम. एसी नाही म्हणून त्यांनीच सुचवलं.

बेकिंगबाई
मग त्यांना आजच विचार बटर कुठलं वापरतात. पावाला लावायचं खारं पिवळं बटर घेतलं तर त्यात जांभळा रंग टाकल्यावर लव्हेंडर येतच नाही, पिवळा आणि जांभळा एकमेकांना मारतात आणि चिखलासारखी छटा येते. मग ती लपवायला अजून रंग टाकतात आणि कडवट होतं. पांढरं, बिनमिठाचं बटर हवं आणि साखर घालायच्या आधी ते एकटंच सात-आठ मिनिटं फेटायचं, बरंच फिकं होतं. तरी थोडी पिवळट झाक राहिली तर टूथपिकच्या टोकावर येईल इतकाच जांभळा जेल घालून आधी ती झाक मारायची, क्रीम पांढरं दिसायला लागलं की मग पुढचा रंग. मिंटला मात्र थोडी पिवळट झाक चालून जाते.

अजून एक. बटरक्रीममधला रंग काही तासांत गडद होतो. नमुना संध्याकाळी करून सकाळी बघायला सांग, आत्ता ताज्या क्रीमच्या फोटोवर हो म्हणू नकोस. आणि जांभळ्यातला गुलाबी अंश उजेडात आधी उडतो, केक खिडकीत दोन तास राहिला तर वरून निळसर होतो. कापायच्या वेळेपर्यंत खोक्यात बंद.

ठाण्याची_रेवा
माझ्या मुलाच्या वाढदिवसाला नेव्ही ब्लू केक केला होता, सगळ्या पोरांचे दात निळे, एका मुलाची आई मला आजही त्यावरून बोलते. गडद रंग केकवर नकोच. रिटर्न गिफ्ट काय देतेयस? आम्ही कुंडीतली तुळस दिली होती, सगळ्यांना आवडली.

सोनचाफा
रेवा, तिला रिटर्न गिफ्टचं नाही विचारायचंय गं. मुग्धा, भिंत पीच आहे ना, मग पीचच थीममध्ये घे. पीच, मिंट आणि पांढरा. लव्हेंडर सोडून दे. पिवळ्या उजेडात पीच खुलतो, भांडण कशाला करायचं त्याच्याशी.

मुग्धा_मुलुंड
लेकीने लव्हेंडर निवडलंय, तिचा फ्रॉकपण त्याच रंगाचा शिवून झालाय. ते सोडता येणार नाही.

स्टेजवाला
मग सोडू नका. टेबलापुरता उजेड बदला. पूर्ण हॉल बदलायची गरज नाही, फोटो केकच्या टेबलाशीच निघतात. खोक्यावर ६५०० लिहिलेल्या दोन एलईडी पट्ट्या घ्या, वीस वॅटच्या, चार फुटी, एक्स्टेंशनवर टेबलाच्या दोन्ही कोपऱ्यांसमोर थोड्या तिरक्या उभ्या करा. मागे भिंत दिसू नये म्हणून आठ बाय आठचा पाईपचा स्टँड भाड्याने आणा आणि त्यावर साधा पांढरा कपडा, चकचकीत नको. पीच झाकला गेला की निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

कापड सॅटिन आहे का?

मुग्धा_मुलुंड
हो सॅटिन. चार मीटर, पन्हा ५८ इंच. टेबल मांडववाल्याचं, सहा फूट बाय अडीच फूट. बदलायला परत मार्केटला जावं लागेल का, शनिवारी सुट्टी आहे मला.

स्टेजवाला
जाऊ नका. सॅटिनची उलटी बाजू वर घ्या. उलटी बाजू मॅट असते, दिवे आणि भिंत त्यात आरशासारखे दिसत नाहीत, रंग एकसारखा दिसतो. माप पुरतंय. लांबीत टेबलाचे ७२ इंच आणि दोन्ही बाजूंना जमिनीपर्यंत तीस तीस, म्हणजे १३२, साधारण साडेतीन मीटरच्या आत, तुमच्याकडे चार आहे. रुंदीत वरचे तीस आणि पुढे २८ खाली येईल, जमिनीपासून दोन इंच वर. मागे काही उरणार नाही, मागची कड टेबलाला डबल टेपने चिकटवा, नाहीतर पोरं ओढतील.

अरुणकाका
एक शंका. टेबलावर पांढरा उजेड आणि वर हॉलचे पिवळे दिवे चालू, दोन्ही एकत्र आले तर फोटोत निम्मा चेहरा निळसर आणि निम्मा केशरी येतो. माझ्या भाच्याच्या मुंजीला नेमकं असंच झालं होतं.

स्टेजवाला
काका, हे तुमचं बरोबर. टेबलावरचे पिवळे दिवे बंदच ठेवायचे. हॉलची बटणं वेगवेगळी आहेत का बघा. एकाच बटणावर सगळे दिवे असतील तर टेबल अशा कोपऱ्यात न्या जिथे डोक्यावर दिवा नाही.

मुग्धा_मुलुंड
आत्ता खाली जाऊन बघून आले. चार बटणं आहेत, स्टेजकडची रांग वेगळी बंद होते. पांढऱ्या कागदाचा फोटोपण काढला, भिंतीशी कागद चक्क आंब्याच्या रसासारखा आलाय. फुग्यांचं काय करू? मिंटचे पन्नास आणि लव्हेंडरचे पन्नास आणलेत.

स्टेजवाला
मिंट सगळे लावू नका, वीस पुरे. पांढरे पन्नास घ्या, पांढरा मध्ये आला की दोन्ही रंग स्वच्छ दिसतात. सगळे एकाच मापाचे फुगवू नका पण एक लक्षात ठेवा, फुगा जितका जास्त फुगतो तितका रंग फिका होतो, लहान ठेवला तर गडद. कापडाशी जुळवायचे ते लव्हेंडर फुगे थोडे कमी फुगवा. भिंत आरपार दिसत असेल तर लव्हेंडरच्या आत पांढरा फुगा घालून दोन्ही एकत्र फुगवा, रंग भरीव दिसतो, वेळ मात्र दुप्पट लागतो. आणि फुगवून बाल्कनीत उन्हात ठेवू नका, वरून धुरकट होतात.

सोनचाफा
आणि सोनेरी? माझ्या मते सोनेरी पूर्ण काढ. पांढऱ्या उजेडात ते हिरवट आणि स्वस्त दिसतं.

स्टेजवाला
चकचकीत फॉइलचं सोनेरी काढा. अक्षरांना मॅट सोनेरी रंग दिला तर चालेल.

बेकिंगबाई
केकबद्दल मी अजूनही म्हणेन, पूर्ण लव्हेंडर केक करू नकोस. कापड लव्हेंडर, फ्रॉक लव्हेंडर आणि केकही लव्हेंडर, तर फोटोत केक टेबलातच विरघळून जातो. बेस पांढरा, खालच्या कडेला लव्हेंडरची फुलं कापडापेक्षा एक छटा गडद, आणि मिंटची दोन-तीन पानं. केकवाल्या ताईंना कापडाचा बोटभर तुकडा पाठव, मोबाइलवरचा फोटो नको, प्रत्येक स्क्रीनवर रंग वेगळा दिसतो.

स्टेजवाला
मागे पांढरा कपडा आहे हो ताई. पांढरा केक पांढऱ्या कपड्यापुढे काय दिसणार? केक लव्हेंडरच करा आणि पांढऱ्या स्टँडवर उंच ठेवा, म्हणजे कापडापासून सुटा होतो.

बेकिंगबाई
एसी नसलेल्या हॉलमध्ये पूर्ण रंगवलेल्या केकला घाम सुटला की रंगाचे डाग पडतात. पांढऱ्यावर ते दिसत नाहीत. मी पांढऱ्यावरच ठाम आहे.

मुग्धा_मुलुंड
दोघांचंही पटतंय त्यामुळे अवघड झालंय. लेकीला विचारलं तर ती म्हणते केकवर फुलपाखरू हवं, रंग कुठलाही चालेल. कापडाचा तुकडा आत्ताच कापून ठेवलाय आणि ताईंना मेसेज केला, त्या पांढरं बटरच वापरतात म्हणाल्या. दोन्हीचे छोटे नमुने आज रात्री करून ठेवतील. उद्या सकाळी हॉलवर पट्ट्या लावून दोन्ही नमुने पांढऱ्या कपड्यापुढे ठेवून बघते. त्या पट्ट्या मुलुंडमध्ये कोणाकडे भाड्याने मिळतील का, विकतच घेऊ?

गिरगावकर
विकत घ्या, घरी लागतातच. औक्षण केक कापायच्या आधी करणार ना? निरांजनाच्या वेळी त्या पट्ट्या बंद करा, तेव्हा पिवळाच उजेड छान वाटतो.

स्टेजवाला
एक्स्टेंशनची वायर टेपने जमिनीला चिकटवा, पाच वर्षांची पोरं धावणार आहेत. नमुन्यांचे फोटो इथे टाका.