कैफियतीतले कलम नंबर दाव्याशी जुळत नाहीत, दाखल केल्यावर लक्षात आलं. मदत हवी आहे

नवी_सनद:
तालुका कोर्टात दोन वर्षं प्रॅक्टिस करते. दावा निरंतर मनाईचा आहे, शेतातल्या गाडीरस्त्याचा. आम्ही प्रतिवादीतर्फे. परवा कैफियत दाखल केली, आज ऑफिस कॉपी लावताना चूक दिसली.

दाव्यात कलम 4 दोनदा टाईप झालंय आणि 8 नंतर थेट 10 आहे. मी मात्र 1 ते 11 सरळ उत्तरं दिली. शेवटचा आकडा दोन्हीकडे 11, परिच्छेदही अकराच, म्हणून जुळलं असं समजले. प्रत्यक्षात माझी 5 ते 9 ही उत्तरं एकेक घर पुढे सरकली आहेत.

सगळ्यात वाईट हे. दावा कलम 6 मध्ये एवढंच आहे की वादीच्या गटाच्या पश्चिमेला आमच्या पक्षकाराचा गट आहे. त्याला मी लिहिलं, "मजकूर बरोबर आहे." ते माझ्याकडे कलम 7 म्हणून छापलंय. आणि दाव्याच्या कलम 7 मध्ये आहे, "वादी 20 वर्षांहून अधिक काळ सदर रस्ता उघडपणे व हक्काने वापरत आहेत." अजून मुद्दे निघालेले नाहीत. काय करावं? झोप लागत नाही.

बांधावरचा:
आमच्या वाटपाच्या दाव्यात वकिलांनी मुकदमा नंबरच चुकीचा टाकला होता. क्लार्कला सांगून त्याच दिवशी दुरुस्त झालं. घाबरू नका ताई.

नवी_सनद:
दादा, मुकदमा नंबर बरोबर आहे. आतल्या कलमांचे नंबर चुकलेत.

कोर्टआवार:
शेवटी "वर स्पष्टपणे कबूल न केलेला सर्व मजकूर नाकबूल आहे" हे वाक्य आहे ना? मग काळजी नको. सगळा दावा नाकारलाच आहे.

जुना_दिवाणी:
त्या वाक्यावर विसंबू नका. ऑर्डर 8 रूल 3 प्रमाणे मोघम नकार पुरत नाही, प्रत्येक कथनाला नेमकं उत्तर लागतं. तसं दिलं नाही, तर रूल 5 प्रमाणे ते कथन कबूल धरलं जाऊ शकतं. त्यातही कबुली असताना तेच कथन वेगळं शाबित करायला सांगण्याचा अधिकार कोर्टाला आहे. पण इथे नकार राहिलेला नाही, "बरोबर आहे" असं लिहून दिलंय. ते वाक्य तर कबूल केलेला मजकूर वगळूनच बोलतं. आणि 20 वर्षांचा वापर म्हणजे वहिवाटीच्या हक्काचा कणाच.

मला सांगा, गाडीरस्त्याचा खरा नकार तुमच्या कुठल्या कलमात आहे? आणि नि. 5 ला वेगळं म्हणणं दिलंय का?

नवी_सनद:
नकार माझ्या कलम 8 मध्ये आहे, सविस्तर. रस्ता कधीच नव्हता, तिथे बांध आणि बाभळी आहेत, असं. नि. 5 ला "कैफियत हेच म्हणणे समजावे" अशी पुरशिस दिली.

जुना_दिवाणी:
मग दोन गोष्टी. कलम 8 मधला तो नकार तुमचा बचाव आहे. रस्त्याबद्दलचा मजकूर दाव्याच्या कलम 8 मधल्या, म्हणजे दाव्याच्या कारणाच्या, उत्तरात का यावा? नंबर सरकलाय हे त्यावरूनच दिसतं. ऑर्डर 6 रूल 17 खाली दुरुस्ती अर्ज द्या. कबुली मागे घेतोय असं लिहू नका. नंबर चुकला, हे दाव्यातल्या दोन 4 आणि गायब 9 दाखवून मांडा. पुरशिसीमुळे हीच चूक मनाई अर्जातही गेली आहे, म्हणून नि. 5 च्या युक्तिवादाआधी अर्ज द्या.

कोर्टआवार:
एवढ्यासाठी दुरुस्ती अर्ज? समोरच्या वकिलांची ना हरकत घेऊन पुरशिस द्या, संपलं.

जुना_दिवाणी:
ना हरकत मिळाली तर काम हलकं होईल, मान्य. पण रस्ता मिळवायला निघालेला वादी ती देईल का? नुसत्या पुरशिसीने कैफियतीचा मजकूर बदलतो हे मला पटत नाही. काही कोर्टं चालवून घेतात.

टंकलेखक_मावशी:
तीस वर्षं वकिलांकडे टायपिंग करते. उत्तराच्या कलमाला वर्डचं आपोआप नंबरिंग लावूच नये. दाव्याचा नंबर कागदावरून बघून हाताने टाकायचा, चुकलेला असला तरी तसाच: "दावा कलम 4 (पान 2 वरील)", "दावा कलम 4 (पान 3 वरील)". कैफियतीचे स्वतःचे नंबर वेगळे. मग एकाने दाव्याचा नंबर आणि पहिले चार शब्द मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने त्यासमोरचं उत्तर. बजावलेल्या प्रतीवरून वाचा, पक्षकाराने आणलेल्या झेरॉक्सवरून नको. दावा दुरुस्त होऊन मध्ये 4अ आलेलं असलं तर जुन्या प्रतीत ते नसतं.

जुना_दिवाणी:
मावशींचं बरोबर. एक जोडतो. "मजकूर बरोबर आहे" एवढंच कधी लिहू नका. "पश्चिमेस प्रतिवादीचा गट आहे हे बरोबर आहे" असं असतं, तर नंबर चुकूनही रस्ता कबूल झाला नसता.

नवी_सनद:
आज बसून सगळी अकरा उत्तरं मावशींच्या पद्धतीने वाचली. चुकलेली पाचच निघाली. अर्ज टाईप करतेय, सोबत दुरुस्त कलमांचा तक्ता लावते. समोरच्या वकिलांना फोन केला, ते "पक्षकाराला विचारून सांगतो" म्हणाले. अर्ज द्यायच्या आधीच त्यांनी कबुलीवर बोट ठेवलं, तर तोंडी उत्तर द्यावं की अर्ज पुढे करून तारीख मागावी?