मदत हवी आहे: शनिवारच्या पहिल्या भेटीचा मेसेज तपासून द्या (चंद्र आहे त्यात, हसू नका)

चिकूवाला
मंडळी, तातडीचं आहे. एका डेटिंग ॲपवर गेले तीन आठवडे एकीशी बोलतोय. गप्पा मस्त चालल्यात, अरेतुरेवर आलोय, एकमेकांना टोमणेही मारून झालेत. काल तीच म्हणाली, "शनिवारी डेक्कनला भेटू या का?" मी हो म्हणालो. आता वेळ, जागा वगैरे पक्कं करणारा मेसेज मला पाठवायचाय. रुक्ष नको, थोडा खट्याळ हवा. नंबर अजून दिले-घेतलेले नाहीत, सगळं ॲपवरच आहे. हा माझा मसुदा:

"हाय! मग पुढच्या शनिवारी नक्की ना? संध्याकाळी साडेपाच-सहापर्यंत डेक्कनला भेटू, तू म्हणशील तिथे. मी निळ्या शर्टात असेन. तू काय घालून येणारेस? नाही सांगितलंस तरी चालेल, गर्दीत तू लगेच ओळखू येशील, चंद्र एकच असतो 😍"

कसा वाटतोय?

खडूस
चंद्र सोडून दे, त्याच्यावर नंतर बोलू. आधी हे सांग, भेटायचं कुठे आणि किती वाजता? मी तुझा मेसेज दोनदा वाचला, मला कळलं नाही.

"डेक्कन" ही जागाच नाही रे. डेक्कनचा बसस्टॉप आहे, डेक्कन कॉर्नर आहे, गुडलक चौकालाही लोक डेक्कनच म्हणतात, आणि आता मेट्रोचं डेक्कन जिमखाना स्टेशन नदीकडेला वेगळंच. चारही ठिकाणी उभी असलेली माणसं फोनवर "मी डेक्कनलाच आहे" असंच सांगतात. तुमच्याकडे तर फोन नंबरही नाही.

दुसरं, "साडेपाच-सहापर्यंत". मराठीत याचा अर्थ सांगणाऱ्याला साडेपाच आणि ऐकणाऱ्याला सहा. तू साडेपाचपासून उभा, ती सव्वासहाला आरामात येणार आणि तिच्या मते ती फार तर पंधरा मिनिटं उशिरा. तिसरं, "पुढचा शनिवार". आज बुधवार. पुढचा म्हणजे तेरवाचा की त्यानंतरचा? आमच्या घरात यावर भांडणं झालीत. तारीख लिही.

निम्मा पुणेकर
एवढं कशाला? लाइव्ह लोकेशन पाठवा, विषय संपला. जागा पण कळते, माणूस पण सापडतो. मी नेहमी तेच करतो.

खडूस
त्यासाठी नंबर लागतो, तो नाही. आणि ठिपका तुला चौकापर्यंत नेतो, माणसापर्यंत नाही. शनिवारी संध्याकाळी एफसी रोडवर एका ठिपक्यात चाळीस माणसं मावतात.

रानजाई
शिवाय लोकेशन घरातूनच चालू केलं तर घर कुठे आहे तेही कळतं. पहिल्या भेटीआधी मी कुणालाही देत नाही, मागणारा कितीही गोड असो. पोचल्यावर पंधरा मिनिटांसाठी चालू करणं ही वेगळी गोष्ट, तेवढ्यापुरतं निम्मा पुणेकरांचं बरोबर आहे.

आता चिकूवाले, मुलीच्या बाजूने दोन गोष्टी. तुमच्या मेसेजमधली मला खटकलेली ओळ चंद्राची नाही. "तू काय घालून येणारेस?" ही आहे. तुम्ही ओळखायची खूण म्हणून विचारलंय, मान्य. पण रात्री अकरा वाजता तो प्रश्न स्क्रीनवर आला की तसा वाचला जात नाही. असे मेसेज इतके येतात की बोट आपोआप मागे जातं.

उलटं करा. स्वतःची खूण द्या, तिची मागू नका. तिने तुम्हाला ओळखायचं आणि तिने जवळ यायचं. लांबून बघून तिला वाटलं की फोटोतला माणूस हा नाही, तर तिला परत फिरता आलं पाहिजे. हे तुम्हाला आवडणार नाही, पण यानेच तिला यायला सोपं जाईल.

निम्मा पुणेकर
म्हणजे तो बिचारा बाहुल्यासारखा उभा आणि ती लांबून पास-नापास करणार? हे काही पटलं नाही. फोटो मुलींचेही फिल्टरवाले असतात. खूण दोघांनीही द्यावी.

रानजाई
तिने आपणहून दिली तर उत्तमच. मागायची नाही, एवढंच म्हणतेय.

अलका चौक
माझा अनुभव सांगते, उपयोगी पडेल. १९९३ साल, स्थळ मावशीने आणलेलं, मुलगा म्हणाला घरी कांदेपोहे नकोत, बाहेर भेटू. निरोप आला: अलका टॉकीजपाशी, पाच वाजता, हातात काळी छत्री. महिना जुलै! चौकातल्या प्रत्येकाच्या हातात काळी छत्री. मी चाळीस मिनिटं छत्र्या मोजल्या आणि घरी गेले. तो चौकाच्या पलीकडे उभा होता म्हणे.
चिकूवाले, तुमच्या घरचे भेटलेत का एकमेकांना? पत्रिका बघितली का?

चिकूवाला
अलकाताई, अजून आम्हीच भेटलो नाही हो 😅 पण त्याच्याशी लग्न झालं का शेवटी?

अलका चौक
छे. दुसऱ्या छत्रीशी झालं.

खडूस
ताईंची छत्री हाच तुझा निळा शर्ट आहे. निळा शर्ट हा पुण्यातल्या नोकरदार माणसाचा गणवेश आहे. संध्याकाळी दुकानांच्या पिवळ्या दिव्यांत निळा, करडा, काळा सगळं सारखंच दिसतं. आणि साडेचारला शर्टावर चहा सांडला की खूण बादच.

खूण हातात धरायची असावी, त्या जागी विचित्र दिसणारी असावी आणि अंगावरची नसावी. आणि जमलं तर तुमच्या दोघांच्याच गप्पांतली असावी. खट्याळपणा तिथेच घालायचा, बाकी कुठेही नाही. जागेत आणि वेळेत लाडीकपणा आला की "तू म्हणशील तिथे" होतं. ऐकायला छान, पण मग पुढचं सगळं तिलाच ठरवावं लागतं. जागा-वेळ रेल्वेच्या पाटीसारखी लिहायची, आणि ओळखायचं कसं त्यात हवा तेवढा चावटपणा कर. तिथे तो चुकला तरी कुणी चुकीच्या चौकात जात नाही.

गप्पांत असं काही आहे का?

चिकूवाला
आहे! पहिल्या दिवसापासून आमचं पेरू की चिकू यावर भांडण चाललंय. ती पेरूवाली, तिखट-मीठ लावून. मी अर्थात चिकू. आयडीवरून कळलंच असेल.

रानजाई
मग पेरू घेऊन उभे राहा की. शत्रूचं फळ हातात. ती लांबून बघेल तेव्हाच हसेल, आणि पहिलं वाक्य काय बोलायचं हा प्रश्नही सुटला. चंद्रापेक्षा शंभरपट बरं. चंद्र कुणालाही पाठवता येतो, पेरू फक्त तिलाच.

चिकूवाला
😂 आणि स्कार्फचं काय? ती दुचाकीवर येते. डोळे सोडून सगळं झाकलेलं असणार, मी फोटो पाठ करून उपयोग नाही. मागे एकदा मी कॉलेजजवळ मैत्रीण समजून भलत्याच स्कार्फला "काय गं, एवढा उशीर?" म्हणालोय.

खडूस
म्हणूनच रानजाई म्हणतात ते बरोबर, हाक तिने मारायची. हा स्कार्फचा किस्साच मेसेजमध्ये टाक. स्वतःवरचा विनोद आहे, तिच्या दिसण्यावरचा नाही. त्याने "आधी तू हाक मार" हे सांगूनही होतं आणि सूचना केल्यासारखं वाटत नाही.

जागेचं: भेटायची जागा आणि बसायची जागा वेगळ्या ठेव. शनिवारी वैशालीत नाव देऊन थांबावं लागतं, आणि त्या दाराशी एकमेकांना शोधणं म्हणजे लग्नाच्या मांडवात चप्पल शोधणं. आधी फर्ग्युसनच्या मेन गेटबाहेर भेटा, मग चालत जा. ते गेट दोघांनाही माहीत असणार. त्याला दुसरा अर्थ नाही. उभं राहायला फुटपाथ आहे आणि माणसांची वर्दळ आहे.

निम्मा पुणेकर
बालगंधर्वच्या आवारात का नको? गेटपेक्षा शांत.

खडूस
जागा चांगली, पण शनिवारी संध्याकाळी नाटकाचा प्रयोग असला तर आख्खं आवार भरतं. आणि पेरू धरून उभा दिसला तर त्याला कुणीतरी तिकीट विचारेल.

चिकूवाला
हा नवा मसुदा:

"शनिवार, १४ तारीख. संध्याकाळी ५:३०. फर्ग्युसनच्या मेन गेटबाहेर, एफसी रोडवर. तिथून चालत वैशालीत, नंबर लागेपर्यंत भांडू.

मला ओळखणं सोपं आहे: तत्त्वं गुंडाळून हातात पेरू घेऊन उभा असलेला चिकूवाला. हाक मात्र तूच मार. मी एकदा भलत्या स्कार्फला 'काय गं, एवढा उशीर?' म्हणालोय, परत तसं झालं तर मला पिंपरीला राहायला जावं लागेल.

चालेल ना?"

रानजाई
पाठवा. फक्त "चालेल ना?" मधला "ना" काढा. "चालेल का?" लिहिलं की वेळ बदलून मागायला जागा राहते, "ना" म्हटलं की नाही म्हणणं अवघड होतं. आणि आज नको, बुधवार आहे. उद्या रात्री साडेनऊच्या सुमारास पाठवा. शनिवारी सकाळी "आठवण आहे ना?" असं काही नको. गेटवर पोचल्यावर ॲपवर "पोचलो, पेरूही पोचला" एवढंच. तिच्या ॲपचं नोटिफिकेशन बंद असेल हे धरून चाला, म्हणजे उत्तर आलं नाही म्हणून कासावीस होणार नाही.

निम्मा पुणेकर
उद्यापर्यंत का थांबायचं? तिने कालच विचारलंय. दोन दिवस गप्प राहिला तर तिला वाटेल याला रस नाही. आत्ताच पाठव.

रानजाई
हं. हे खरं असू शकतं. ती रोज बोलतेय ना तुमच्याशी? मग आज पाठवलंत तरी बिघडणार नाही. तुमचं तुम्ही बघा.

चिकूवाला
पाठवला, आत्ताच. धीर नव्हता. आणि उत्तर आलं!! "पेरू कापून आणू नकोस, तिखट-मीठ माझं. ६ कर, माझा क्लास साडेपाचला सुटतो. हाक मारायची की नाही ते लांबून ठरवीन 😌" मी हार्ट दिलं त्याला.

खडूस
हार्ट दिलंस, म्हणजे काय ठरलं? तुझ्या मेसेजमध्ये अजून ५:३० आहे, तिच्यात ६. शनिवारी घाईत ती वर सरकवून तुझाच मेसेज बघणार, कारण जागा त्यात आहे. बदललेली वेळ जागेसकट एका ओळीत परत पाठव.

चिकूवाला
अरे हो. थांबा.

चिकूवाला
पाठवलं: "शनिवार १४, संध्याकाळी ६:००, फर्ग्युसन मेन गेट. पेरू अखंड."
पेरूची इमोजी नसते हे मला आज कळलं. तिने उत्तरात नाशपती पाठवलंय 🍐

अलका चौक
छत्री घेऊन जा हो, आभाळ भरून येतंय इकडे. फक्त काळी नको.