प्रतिसाद: हृदयाची आकृती पाठ होत नाही

> «हृदयाची आकृती दहा वेळा काढली, तरी पेपरात डावं-उजवं उलटं होतं. काय करू?»

पुस्तक समोर ठेवून काढलेली आकृती मोजूच नका, त्यात फक्त हात चालतो. कोऱ्या कागदावर आधी वरच्या कोपऱ्यांत लिहा: आपल्या डाव्या हाताला ‘उजवी बाजू’, उजव्या हाताला ‘डावी बाजू’. हृदय समोरच्या माणसाचं आहे, म्हणून उलटं होतं. मग चार कप्पे काढा. डाव्या निलयाची भिंत ठळक जाड हवी, कारण तिथून रक्त सगळ्या शरीरात ढकललं जातं.

नावं रक्ताच्या वाटेनं द्या: महाशिरा, उजवं अलिंद, त्रिदली झडप, उजवं निलय, फुप्फुस धमनी, मग फुप्फुस शिरा, डावं अलिंद, द्विदली झडप, डावं निलय, महाधमनी. माइंड मॅप काढत असाल, तर त्याच्या दोन मुख्य फांद्याही ‘उजवी बाजू’ आणि ‘डावी बाजू’ अशाच ठेवा, म्हणजे नकाशा आणि आकृती एकमेकांना आठवण करून देतात. फुप्फुस धमनीत अशुद्ध रक्त असतं, तिथे निळी पेन्सिल वापरा; सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

न बघता काढायचं ते त्याच संध्याकाळी, मग दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि एकविसाव्या दिवशी. चुका लाल पेननं दुरुस्त करा. एखादं नाव दोनदा चुकलं, तर त्या आकृतीचं वेळापत्रक पुन्हा दुसऱ्या दिवसापासून.