थोडंसं खाऊन पोट गच्च, वर ढेकरा: दोष मंद जठराचाच का?

मीनल_नाशिक
वय 34. अर्धी भाकरी खाल्ली की पोट भरतं, छातीखाली फुगतं आणि ढेकरा सुरू होतात. वर्ष झालं. दुर्बिणीची तपासणी, सोनोग्राफी, साखर, थायरॉइड सगळं ठीक आहे. जठर रिकामं व्हायला किती वेळ लागतो, त्याचा स्कॅन केला, तर चार तासांनी 18 टक्के अन्न शिल्लक. माझं मत स्पष्ट आहे: जठर मंद आहे, हेच कारण. असा त्रास असलेल्या प्रत्येकाचा हा स्कॅन आधी करावा आणि मगच औषध द्यावं. पटतं का?

दामूकाका
शंभर टक्के पटतं. आधीचं जेवण खाली सरकलंच नाही तर नवीन जाणार कुठे? मग गॅस वर येतो, तोच ढेकर. मला डॉक्टरांनी डोंपेरिडोन असलेली कॅप्सूल दिली. रोज सकाळी उपाशीपोटी एक, दोन वर्षं चालू आहे, त्रास निम्म्यावर आला. जेवण झालं की शतपावली घाल पोरी, लगेच आडवी होऊ नकोस.

सावनी_पोटविकार
काका, शतपावलीचं बरोबर आहे, बाकीचं मला पटत नाही. मी याच विषयात काम करते.

मीनल, तुझं पोट भरतं कधी? अर्धी भाकरी खाताना, म्हणजे बसल्यापासून दहा मिनिटांत. भाकरीसारखं घट्ट अन्न आधी जठराच्या खालच्या भागात दळलं जातं, एक-दोन मिलिमीटरचे कण झाले की पुढे सरकतं. पहिल्या वीस-तीस मिनिटांत निरोगी माणसाच्या जठरातूनही घट्ट अन्न फारसं बाहेर गेलेलं नसतं. मग दहाव्या मिनिटाला येणाऱ्या गच्चपणाचा दोष संथ रिकामं होण्यावर कसा टाकायचा?

घास उतरायला लागले की जठराचा वरचा भाग सैल पडून जागा करून देतो. तुझ्यासारख्या बऱ्याच जणांत तो नीट सैल पडत नाही, त्यामुळे थोड्या अन्नानेच भिंत ताणली जाते. काहींच्या नसा इतक्या हळव्या असतात की साधा ताणही खुपतो. जेवणानंतर दोन-तीन तास राहणारा जडपणा मात्र मंद जठराने येऊ शकतो. या अपचनाच्या साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाच्या रुग्णांतच जठर खरोखर संथ सापडतं, आणि ते किती संथ आहे याचा त्रास किती होतो याच्याशी फार घट्ट मेळ बसत नाही.

दामूकाका
पण मॅडम, सकाळचं जेवण अजून आत असेल तर संध्याकाळी दहा मिनिटांतच भरणार ना?

सावनी_पोटविकार
जठर फार मंद असेल तर तसं होतं. मग माणसाला कित्येक तासांपूर्वीचं जेवण उलटून पडतं. मीनल, तुला तसं होतं का? आणि सकाळी उपाशीपोटी पहिलं खाणं खातानाही लगेच भरतं का?

मीनल_नाशिक
उलटी कधीच नाही. सकाळच्या पहिल्या खाण्यालाही भरतं. दीड इडलीवर हात आवरतो.

सावनी_पोटविकार
मग रात्रीचं अन्न अडलेलं असण्याची शक्यता कमी आहे. वरचा भाग सैल पडत नसावा, याकडे माझा कल जास्त आहे.

किरण_सांगली
मी स्कॅनच्या विभागात तंत्रज्ञ आहे. स्कॅन निरुपयोगी म्हणू नका, पण तो कसा केला ते विचारा. दहा टक्क्यांहून जास्त शिल्लक म्हणजे मंद, ही मर्यादा एका ठरलेल्या जेवणाची आहे: अंड्याचा पांढरा भाग, दोन ब्रेड, थोडा जॅम, पाणी, मिळून साधारण 255 कॅलरी, चरबी जवळपास नाहीच. आपल्याकडे काही केंद्रांत इडली देतात. तिथे त्या केंद्राने निरोगी लोकांवर इडलीच देऊन काढलेली मर्यादा लावावी लागते. मीनलताई, तुम्हाला काय दिलं होतं? आणि आदल्या दोन-तीन दिवसांत कोणती गोळी घेतली होती?

मीनल_नाशिक
इडली दिली होती. पोटात कळ येते म्हणून डायसायक्लोमिन घेत होते, स्कॅनच्या आदल्या रात्रीही घेतली. बंद करा असं कोणी सांगितलं नाही.

किरण_सांगली
मग त्या 18 वर भरवसा ठेवू नका. ती गोळी आतड्यांची आणि जठराचीही हालचाल मंदावते. गोळी डॉक्टरांना विचारून किमान दोन दिवस बंद ठेवा आणि स्कॅन पुन्हा करून घ्या.

वैशाली_पुणे
मला मधुमेहासाठी आठवड्याला सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन आहे. डोस वाढवला आणि एका पोळीवर पोट भरायला लागलं, तीन तासांनी दुपारच्या उसळीच्या ढेकरा. माझा त्रास तर मंद जठरामुळेच, मग स्कॅनशिवाय कसं कळणार?

सावनी_पोटविकार
वैशालीताई, तुमचं प्रकरण वेगळं आहे. ते इंजेक्शन जठर मंदावतं हे माहीतच आहे. डोस वाढला आणि त्रास सुरू झाला, हे कळायला स्कॅन लागत नाही. डॉक्टरांशी डोसबद्दल बोला.

काका, डोंपेरिडोन रोज दोन वर्षं घेताय, त्याची काळजी वाटते. हृदयाच्या ठोक्यांत बिघाड होण्याच्या धोक्यामुळे युरोपातल्या औषध नियामकाने 2014 मध्ये ते मळमळ आणि उलटीपुरतंच ठेवलं, दिवसाला जास्तीत जास्त 10 मिलिग्रॅम तीनदा आणि एरवी आठवड्याहून अधिक नाही. ईसीजी काढून घ्या आणि ती कॅप्सूल लागतेच का, ते विचारा.

दामूकाका
ईसीजी काढतो. पण ढेकरा कमी झाल्या हे खरं आहे.

सावनी_पोटविकार
असेल. तरी प्रत्येक ढेकर जठरातली नसते. मीनल, एकामागून एक मिनिटाला कितीतरी येतात का? बोलायला लागलीस किंवा झोप लागली की थांबतात का?

मीनल_नाशिक
हो. ऑफिसच्या मीटिंगच्या आधी रांगच लागते. झोपेत एकही नाही.

सावनी_पोटविकार
मग हवा जठरापर्यंत पोचतच नसावी. नकळत अन्ननळीत ओढली जाते आणि तिथूनच बाहेर पडते. सोडा किंवा गॅसची गोळी यावर चालत नाही. पोटाने श्वास घ्यायला शिक: एक हात छातीवर, एक पोटावर, श्वास घेताना फक्त पोटावरचा हात वर यायला हवा. ढेकर येतेय असं वाटलं की तोंड किंचित उघडं ठेवून हाच श्वास घे, बंद तोंडाने हवा ओढणं सोपं जातं.

जेवणात तेल-तूप कमी कर. लहान आतड्याला चरबी लागली की ते जठराला संथ व्हायचा निरोप देतं आणि नसाही हळव्या होतात. दोन आठवडे शेंगदाण्याची चटणी आणि तर्री बाजूला ठेव, दिवसात पाच वेळा थोडं थोडं खा. फरक पडला नाही तर अकोटियामाइडसारख्या औषधाबद्दल डॉक्टरांना विचार. ते जेवणाआधी घेतात आणि जेवल्यावरच्या गच्चपणासाठीच आहे. मी आत्ता स्कॅन पुन्हा करणार नाही.

किरण_सांगली
इथे माझं दुमत आहे. गोळी नसताना चाळीस टक्के शिल्लक निघालं तर? आहार, औषध, पुढची देखरेख सगळं वेगळं होईल.

सावनी_पोटविकार
एरवी मान्य केलं असतं. पण 2021 मध्ये अमेरिकेतल्या काही केंद्रांनी 48 आठवड्यांनी पुन्हा स्कॅन केले, तेव्हा सुमारे चाळीस टक्के जणांचा निकाल उलटला. मंद जठरवाल्यांचं नॉर्मल निघालं, नॉर्मलवाल्यांचं मंद, आणि त्रास दोघांचा जवळपास सारखाच. मग एका दिवसाच्या आकड्यावर उपचार का बेतायचे? वजन घटायला लागलं, काळी शौच झाली, अन्न उलटून पडलं किंवा घास अडकायला लागला, तर मात्र थांबायचं नाही, लगेच दाखवायचं.

किरण_सांगली
निकाल बदलतो म्हणजे आजार बदलतो, असंही असू शकतं. मशीनला दोष का?

मीनल_नाशिक
वजन दोन किलोने उतरलंय, पण मी घाबरून खाणंच कमी केलंय. उद्या डॉक्टरांना तेही सांगते आणि डायसायक्लोमिनचंही विचारते. श्वासाचा प्रयोग आज रात्रीपासून. स्कॅनचं अजून ठरत नाही.